ज्या चाचणीत ‘नॉर्मल’ येणं धोक्याचं: चकरेच्या एका रुग्णाचं प्रकरण

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

जानेवारीतली गोष्ट. रुग्ण सत्तावन्न वर्षांचे शेतकरी. दहा वर्षांपासून रक्तदाब, गोळी आठवली तर घ्यायची. मधुमेह असल्याचं आमच्याकडे आल्यावरच कळलं. त्या आठवड्यात शेतीपंपाची वीज रात्रीची होती, म्हणून पहाटे साडेचारला उठून ते हरभऱ्याला पाणी द्यायला गेले. मोटार चालू केली, दोन वाफे भिजवले. साडेपाचच्या सुमारास बांधावर बसले असताना एकदम सगळं रान गरगर फिरायला लागलं. उलट्या सुरू झाल्या. उभं राहायला गेले की डावीकडे कलंडायचे. मुलाने आणि शेजाऱ्याने त्यांना उचलून घरी आणलं.

सात वाजता गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं. हातपाय चालत होते, बोलणं स्पष्ट होतं, तोंड वाकडं झालेलं नव्हतं, रक्तदाब १७०/१०० होता. त्यांनी उलट्या थांबवायला स्टेमेटिलचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं, चकरेसाठी बीटाहिस्टिनच्या गोळ्या लिहून दिल्या. ‘कानाची चक्कर असेल, नाहीतर मानेचे मणके झिजले असतील’ असं सांगितलं. दुपारी मानेचा एक्स-रे काढला, तर मणके झिजलेले निघालेच. सत्तावन्नाव्या वर्षी ते कोणाचे झिजलेले नसतात? पण त्या एक्स-रेमुळे घरच्यांना कारण सापडल्यासारखं वाटलं आणि दुपार तशीच गेली. संध्याकाळपर्यंत चक्कर तसूभरही कमी झाली नाही, तेव्हा ते आमच्याकडे आले. आमचं पन्नास खाटांचं रुग्णालय जिल्ह्याच्या गावी आहे.

अडचण काय होती

मी पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. आमच्या निवासी डॉक्टरने तपासून केसपेपरवर ‘बीपीपीव्ही’ लिहिलं होतं. आंतरकर्णातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत गेले, की डोकं हलवल्यावर चक्कर येते. तो हा आजार.

“कशावरून?” मी विचारलं.

“सर, डिक्स-हॉलपाइक केलं. मान वळवून आडवं केल्याबरोबर चक्कर वाढली, उलटी झाली.”

इथे पहिली गल्लत झाली होती आणि ती फार ठिकाणी होते. ज्याला आधीच गरगरतंय त्याचं डोकं कसंही हलवलं तरी गरगरणं वाढणारच, मग बिघाड कानात असो वा मेंदूत. डिक्स-हॉलपाइक खरी ठरायची तर रुग्णाला आडवं केल्यावर दोन-पाच सेकंद काही होत नाही, मग डोळे वरच्या दिशेने आणि गोल फिरत थरथरू लागतात आणि साधारण मिनिटाच्या आत थांबतात. शिवाय अशा रुग्णाला स्थिर पडून राहिल्यावर बरं वाटतं. आमचे काका बारा तास स्थिर पडूनही गरगरत होते.

म्हणून मी त्यांना विचारलं, “काका, डोळे मिटून अजिबात न हलता पडलात तर थांबतं का?”

“नाही हो. कमी-जास्त होतं, पण थांबत नाही.”

या एका उत्तराने बीपीपीव्ही बाद झाला. सतत चालू असलेली चक्कर, उलट्या, तोल जाणं आणि डोळ्यांची थरथर हे चित्र उरलं. अशा वेळी मुख्य संशयित दोन असतात. एक, आंतरकर्णातून मेंदूकडे जाणाऱ्या तोलाच्या नसेला आलेली सूज, म्हणजे व्हेस्टिब्युलर न्यूरायटिस. ती त्रासदायक असते, पण जिवाला धोका नसतो. दुसरा, लहान मेंदूचा किंवा मेंदूच्या देठाचा, म्हणजे ब्रेनस्टेमचा पक्षाघात. पहिल्या दिवशी दोन्ही बाहेरून जवळपास सारखे दिसतात. हातपाय लुळे पडतील, तोंड वाकडं होईल, मग पक्षाघात म्हणू असं ठरवून बसलं तर मेंदूच्या मागच्या रक्तवाहिन्यांतले कितीतरी पक्षाघात निसटतात. पक्षाघाताची तीव्रता मोजायच्या एनआयएचएसएस या गुणपट्टीवर काकांचे गुण त्या संध्याकाळी शून्य भरत होते, आणि काकांना खाटेच्या कठड्याला न धरता बसताही येत नव्हतं.

समोरचे पर्याय

मुलाने सीटी स्कॅन आधीच करून आणला होता. रिपोर्ट नॉर्मल. त्यातून रक्तस्राव नाही एवढं निश्चित झालं. मात्र ताजा, रक्त न पोहोचल्यामुळे झालेला झटका मेंदूच्या या मागच्या भागात सीटीवर सहसा दिसतच नाही. कानामागची जाड हाडं चित्रात आडव्या रेघा उमटवतात आणि नेमका तोच भाग गढूळ होतो.

मग न्यूरायटिस धरून औषधं द्यायची आणि सकाळी घरी पाठवायचं, हा एक मार्ग होता. लगेच एमआरआयला पाठवायचं आणि त्यावर सगळं सोडायचं, हा दुसरा. तिसरा खाटेपाशीच पाच मिनिटांचा होता: डोकं आणि डोळे यांच्या तीन चाचण्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘हिंट्स’ म्हणतात. २००९ साली काटा, न्यूमन-टोकर आणि सहकाऱ्यांनी सतत चक्कर असलेल्या आणि पक्षाघाताचा धोका असलेल्या १०१ रुग्णांवर त्या एकत्र वापरून पाहिल्या. मेंदूतला एकही बिघाड त्यांच्या हातून सुटला नाही. उलट पहिल्या एमआरआयने सुमारे १२ टक्के झटके चुकवले, आणि ते सगळे पहिल्या ४८ तासांतले होते. अर्थात तिथे तपासणारे हात डोळ्यांच्या हालचालींच्या तज्ज्ञांचे होते. आपल्या कॅज्युअल्टीत तेवढी अचूकता धरून चालू नये.

तपासणी

आधी दोन प्रश्न विचारले. मान दुखते का, मानेला मार किंवा हिसका बसलाय का? मानेतली धमनी आतून फाटल्याची शंका असेल तर मी मानेला झटका देत नाही. दुसरा, दारू किंवा फिटांच्या गोळ्या? त्यांनीही डोळे थरथरतात. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आलं.

सुरुवात नुसतं पाहण्यापासून केली. काका समोर बघत असताना डोळे हलकेच उजवीकडे झटके देत होते. उजवीकडे बघायला सांगितल्यावर झटके वाढले. इथपर्यंत हे डाव्या कानाच्या न्यूरायटिसला शोभलं असतं, कारण त्यात थरथरीचा वेगवान झटका निरोगी कानाच्या दिशेने असतो आणि कुठेही बघितलं तरी ती दिशा बदलत नाही. मग डावीकडे बघायला सांगितलं. झटके डावीकडे जाऊ लागले. पुन्हा करून पाहिलं, तेच. नजरेबरोबर थरथरीची दिशा पालटणं हे कानाचं काम नव्हे. नजर बाजूला धरून ठेवणारी यंत्रणा ब्रेनस्टेम आणि लहान मेंदूत असते. इथे एक सावधगिरी हवी. बोट अगदी डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत नेलं तर निरोगी माणसाचेही डोळे दोन-चार झटके देतात. म्हणून मध्यापासून तीसेक अंशांवर थांबायचं.

दुसरी चाचणी डोक्याच्या झटक्याची, हेड इम्पल्स. सिडनीच्या हाल्माग्यी आणि कर्थॉईस यांनी ती १९८८ साली मांडली. काकांना मुलाने मागून धरून बसवलं. मी म्हटलं, “काका, काही झालं तरी माझ्या नाकावरची नजर काढू नका, आणि मान सैल सोडा.” दोन्ही हातांत डोकं धरून सावकाश इकडेतिकडे हलवलं आणि मध्येच, त्यांना अंदाज येणार नाही असं, दहा-पंधरा अंश झटकन वळवलं. हालचाल लहान असते, पण वेग हवा. सावकाश वळवलं तर डोळे इतर मार्गांनी सावरून घेतात आणि चाचणी वाया जाते.

निरोगी माणसात डोकं डावीकडे गेलं की डावा आंतरकर्ण तत्क्षणी खबर देतो आणि डोळे तेवढेच उजवीकडे फिरतात, त्यामुळे नजर नाकावरून ढळत नाही. डावी नस निकामी असेल तर ती खबर पोहोचत नाही. डोळे डोक्याबरोबर डावीकडे वाहत जातात आणि मग भानावर आल्यासारखी एक उडी मारून नाकावर परततात. ती उडी एकदा ओळखता आली की विसरत नाही. दोनच आठवड्यांपूर्वी एका शिक्षिकेत ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. थरथर फक्त उजवीकडे, डावीकडच्या झटक्याला स्पष्ट उडी, भिंतीला धरून का होईना पण स्वतः चालत होत्या. त्यांना न्यूरायटिस होता.

काकांचे डोळे दोन्ही बाजूंच्या झटक्यांना नाकावर खिळलेले राहिले. सहा-सहा वेळा केलं. एकही उडी नाही.

आमच्या निवासी डॉक्टरचा चेहरा खुलला. “सर, नॉर्मल आहे!”

तिची यात काही चूक नव्हती. आम्हाला वैद्यकात आयुष्यभर ‘नॉर्मल’ म्हणजे चांगलं असंच शिकवलेलं असतं. इथे उलटं आहे. ही चाचणी रुग्ण बरा आहे का हे विचारत नाही. ती फक्त कानाची नस शाबूत आहे का एवढंच विचारते. नस शाबूत आहे, तरी माणूस बारा तास गरगरतोय. म्हणजे कान निर्दोष सुटला आणि संशय मेंदूवर गेला. शिक्षिकाबाईंची चाचणी बिघडलेली होती म्हणून मी त्यांच्याबाबत निर्धास्त होतो, आणि काकांची चांगली आली म्हणून मला काळजी वाटायला लागली.

तिसरी चाचणी डोळे आळीपाळीने झाकण्याची. नजर नाकावर, तळव्याने एकदा हा डोळा झाकायचा, एकदा तो. उजवा झाकला की डावा डोळा किंचित वर सरकून जागेवर येत होता. याचा अर्थ झाकलेला असताना तो खाली उतरलेला असायचा. डोळ्यांची अशी वर-खाली फारकत, म्हणजे स्क्यू, बहुधा ब्रेनस्टेममधून येते. तीनपैकी एकच खूण मेंदूकडे बोट दाखवत असती तरी पुरे होतं. कानाचा निर्णय द्यायला मात्र तिन्ही कानाच्या बाजूने लागतात.

शेवटी दोन्ही कानांजवळ बोटं चोळून ऐकू येतंय का पाहिलं. हे वगळू नये. आंतरकर्णाला रक्त पुरवणारी बारीक धमनी बहुतेकांत लहान मेंदूच्या पुढच्या-खालच्या धमनीची फांदी असते. मूळ धमनी बंद पडली तर कानही मरतो, डोक्याच्या झटक्याला उडीही दिसते, आणि मेंदूचा झटका न्यूरायटिसचं सोंग घेतो. त्यामुळे चकरेबरोबर एका कानाने नव्याने ऐकू येईनासं झालं तर ‘कानाचंच आहे’ म्हणून हायसं वाटून घेऊ नये. काकांना दोन्ही कानांनी ऐकू येत होतं.

एमआरआयची रात्र

रात्री नऊला एमआरआय झाला, त्रास सुरू होऊन साडेपंधरा तास उलटल्यावर. रिपोर्ट आला: ताजा झटका नाही.

मुलगा वैतागला होता आणि त्याचं चूक नव्हतं. “डॉक्टर साहेब, सीटी नॉर्मल, एमआरआय नॉर्मल. आता अजून काय शोधताय? गावच्या डॉक्टरांनी तर सकाळीच सांगितलं होतं कानाचं आहे म्हणून.”

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. एका बाजूला छापील रिपोर्ट, दुसऱ्या बाजूला माझ्या दोन डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टी. मी स्वतःलाच विचारलं: दिशा पालटणारी थरथर चुकून पाहिली असेन का? असू शकतं. डोक्याचा झटका हळू दिला असेल का? तेही शक्य आहे. पण डोळ्यांची वर-खाली फारकतही भास असेल आणि बसता न येणंही योगायोग असेल, असं चारही बाबतींत चुकणं पटत नव्हतं. मशीन कुठे कमी पडतं हेही माहीत होतं. ब्रेनस्टेममधला काही मिलिमीटरचा झटका पहिल्या दोन दिवसांत त्याला दिसला नाही तर नवल नाही.

मी मुलाला म्हटलं, “हा फोटो आज स्वच्छ आहे. पण तुमच्या वडिलांचे डोळे वेगळं सांगतायत. तीन दिवस थांबू, फोटो पुन्हा काढू. तोवर झटका आहे असं धरूनच औषध देतो. मी चुकलो तर तीन दिवस इथे जास्त राहिलात, एवढंच होईल. घरी पाठवलं आणि चुकलो तर ते परवडणार नाही.”

रक्तस्राव नसल्याचं सीटीने दाखवलंच होतं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गोळ्या सुरू करायचं ठरलं. गोळ्या देण्याआधी चमचाभर पाणी पाजून पाहिलं तर काकांना जोराचा ठसका लागला. दिवसभर घरचे त्यांना लिंबूपाणी पाजत होते आणि प्रत्येक ठसका उलटीच्या खाती जमा झाला होता. नाकातून नळी घातली आणि औषधं त्यातून दिली. रक्तदाब घाईने उतरवला नाही. स्टेमेटिल थांबवलं. त्याने गुंगी येते, आणि मला त्यांची शुद्ध तासातासाला तपासायची होती.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कोमट पाण्याने त्यांचं अंग पुसत होत्या. सिस्टरने मला बोलावलं. काका म्हणत होते, “डाव्या पायाला पाणी ऊन लागतंय, उजव्याला लागतच नाही. बादली एकच आहे ना?”

बादली एकच होती. गार स्टीलच्या चमच्याने तपासलं तर शरीराच्या उजव्या बाजूला आणि चेहऱ्याच्या डाव्या बाजूला थंड-गरम कळत नव्हतं. चेहरा एका बाजूचा, धड दुसऱ्या बाजूचं, अशी उलटसुलट वाटणी ब्रेनस्टेमच्या खालच्या भागात, मेड्युलाच्या कडेला, झटका आला की होते. चौथ्या दिवशीच्या एमआरआयमध्ये डाव्या मेड्युलाच्या कडेला सात मिलिमीटरचा ठिपका उजळ दिसला. मानेतून मेंदूकडे जाणारी डावी कशेरुक धमनी अरुंद झालेली होती.

पाचव्या दिवसानंतर ठसका कमी होत गेला, आठवड्याने नळी काढली. दहाव्या दिवशी वॉकर धरून ते घरी गेले. एकवीस दिवसांनी क्लोपिडोग्रेल बंद केलं, अ‍ॅस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या चालू ठेवल्या. तीन महिन्यांनी काठी घेऊन शेताच्या बांधापर्यंत जात होते. उजव्या बाजूची थंड-गरमाची जाण परत आलेली नाही. आंघोळीच्या पाण्यात डावा हात घालून बघायचा आणि शेकोटीपाशी उजवा पाय लांब ठेवायचा, एवढं काकूंनी त्यांच्या अंगवळणी पाडलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सकाळी सातला काका गावातल्या डॉक्टरांसमोर होते, तेव्हा त्रास सुरू होऊन दीडच तास झाला होता. सुरुवातीची वेळ नेमकी माहीत होती, कारण साडेचारला ते स्वतः चालत मोटार चालू करायला गेले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. म्हणजे दहा वाजेपर्यंत मुदत होती. गाव ते जिल्हा दीड तासाचा रस्ता. इंजेक्शन नक्की मिळालं असतं असं मी म्हणणार नाही. गुण शून्य असलेल्या रुग्णाला ते द्यायचं की नाही यावर कितीही अनुभवी डॉक्टर अडखळेल. पण तो प्रश्न निदान विचारला तरी गेला असता.

सातला डोळ्यांच्या चाचण्या करायचीही गरज नव्हती. ‘आधार न घेता बसून दाखवा’ एवढं म्हटलं असतं तरी शंका आली असती. न्यूरायटिसचा रुग्ण झोकांड्या खातो, पण बहुधा बसू शकतो, धरून चालूही शकतो. खाटेवर पडलेल्या रुग्णाचे हातपाय तपासले की सगळं ठीक दिसतं, आणि तोल तर बसवल्याशिवाय कळतच नाही.

माझंही एक चुकलं. थंड-गरमाची तपासणी मी पहिल्या संध्याकाळी केली नाही. डोळ्यांत एवढा गुंतलो की चमचा विसरलो. तो वापरला असता तर एमआरआयच्या रिपोर्टसमोर मला एवढं एकटं वाटलं नसतं.

गावातल्या डॉक्टरांना मी फोन केला. त्यांनी मनाला लावून न घेता उलट विचारलं, “ती झटक्याची टेस्ट मला दाखवाल का?” ते एका रविवारी आले आणि आमच्या वॉर्डबॉयवर तासभर सराव करून गेले. पंधरवड्याने त्यांनी एका बाईंना चिठ्ठी देऊन पाठवलं: ‘चक्कर. हेड इम्पल्स नॉर्मल. मेंदूचा झटका?’

बाई रिक्षातून उतरून चालत आत आल्या. कूस बदलली की पाऊण मिनिट गरगरायचं, एरवी काहीच नाही. बसलेल्या असताना डोळ्यांत थरथर नव्हती. उजवीकडे डिक्स-हॉलपाइक केल्यावर तीन सेकंदांनी डोळे वर आणि गोल फिरू लागले आणि वीस सेकंदांत थांबले. बीपीपीव्हीमध्ये नस शाबूतच असते, त्यामुळे डोक्याच्या झटक्याची चाचणी नॉर्मल येणारच. चक्कर सतत चालू नसेल आणि डोळे थरथरत नसतील, तर ही चाचणी करायचीच नसते. रविवारी शिकवताना हे वाक्य माझ्याकडून राहून गेलं होतं. डोकं ठराविक क्रमाने वळवून कण मूळ जागी नेणारी एप्लीची कृती दोनदा करून बाईंना दुपारच्या एसटीने परत पाठवलं आणि डॉक्टरांना पुन्हा फोन लावला.